ऐंशी स्टुलांसाठी पाइप कधी मागवायचा?

एका लहान कारखान्याला आठव्या आठवड्याच्या सुरुवातीला १०० लोखंडी स्टूल द्यायचे आहेत. किती स्टूल लागणार हे गिऱ्हाईक ठरवतं. पाय, पाइप, बैठकीची फळी यांची गरज मात्र त्या आकड्यातूनच निघते, तिचा अंदाज बांधावा लागत नाही. जोसेफ ऑर्लिकी यांनी १९७५च्या आपल्या पुस्तकात हाच फरक पायाशी ठेवून एमआरपी, म्हणजे मालाच्या गरजेचं नियोजन, मांडलं.

हिशेबाला तीन गोष्टी लागतात : बिल ऑफ मटेरियल म्हणजे सुट्या भागांची यादी, हातातला साठा आणि प्रत्येक भागाला लागणारा वेळ, म्हणजे लीड टाइम. आपल्या स्टुलाला एक फळी आणि चार पाय लागतात. एका पायाला अर्धा मीटर पाइप लागतो.

तयार स्टूल २० शिल्लक आहेत, म्हणून ८० करायचे. जोडणीला एक आठवडा लागतो, तेव्हा ती सातव्या आठवड्यात सुरू व्हायला हवी. त्याच वेळी ८० फळ्या आणि ३२० पाय समोर हवेत. फळ्या शिल्लक नाहीत, पण त्या आठवड्याभरात मिळतात, म्हणून सहाव्या आठवड्यात मागवल्या तरी चालेल. पाय १२० पडून आहेत. उरलेले २०० करायला दोन आठवडे लागतात, म्हणजे काम पाचव्यात सुरू. त्यांना १०० मीटर पाइप लागेल. ४० मीटर आहे, ६० हवा. सहा मीटरचे दहा पाइप, पुरवठ्याला तीन आठवडे : ऑर्डर दुसऱ्या आठवड्यात. (कापताना वाया जाणारा पाइप इथे धरलेला नाही.)

प्रत्येक पायरीवर आधी साठा वजा करायचा आणि मगच खाली उतरायचं, ही यातली खरी गोम. १०० स्टुलांचा सरळ २०० मीटर पाइप धरून त्यातून फक्त शिल्लक पाइप वजा केला असता, तर दहाऐवजी २७ पाइप आले असते. तयार स्टुलांत आणि पायांत आधीच गेलेला पाइप पुन्हा विकत घेतला गेला असता.

पाइपपासून स्टुलापर्यंत एकूण सहा आठवडे लागतात. गिऱ्हाइकाने माल पाचव्या आठवड्यातच मागितला, तर पाइपच्या ऑर्डरची तारीख आजच्याही मागे पडते. ऑर्डर वेळेत होणार नाही, हे कागदावरच दिसतं.

वाकवण्याचं यंत्र त्या आठवड्यात मोकळं आहे का, हे मात्र हा हिशेब पाहत नाही, ते वेगळं तपासावं लागतं. साठ्याची नोंद चुकली तर तेही त्याला कळत नाही. वहीत १२० पाय आणि मांडणीवर ९० असतील, तर ३० पायांची तूट सातव्या आठवड्यात, जोडणीच्या टेबलावर उघडी पडते. नवे पाय करायला दोन आठवडे लागतात आणि माल द्यायला उरलेला असतो एकच. म्हणून एमआरपी वापरणाऱ्या कारखान्यात रोज थोडे थोडे भाग मोजून नोंदीशी ताडून पाहतात.