शेरा तिच्यावर, दाद मित्रांची

पानाच्या टपरीशेजारच्या कट्ट्यावर तिघंचौघं बसलेले असतात. क्लासला निघालेली मुलगी समोरून जाते. तिच्या रंगावर, अंगावर नाहीतर चालण्यावर एक शेरा येतो, मागोमाग हशा. ती मान खाली घालून पुढं जाते आणि दहा सेकंदांत सगळं आटोपतं. यात एक गोष्ट पाहण्यासारखी असते. शेरा मारून झाल्यावर तो मुलगा बहुतेक वेळा तिच्याकडे बघतच नाही, मित्रांकडे बघतो. दाद तिकडून हवी असते.

हाच मुलगा एकटा बसलेला असेल तर बहुधा गप्प असतो. टोळक्यात धीट कोण, हे दाखवायची ही फुकटातली सोय आहे. तिला आपण आवडावं अशी त्याची अपेक्षाही नसते. म्हणून ‘कौतुकच तर केलं, एवढं काय मनावर घ्यायचं’ हा बचाव टिकत नाही. कौतुकच असेल, तर तिच्यासोबत तिचे वडील चालत असताना ते का सुचत नाही?

दुसरं कारण रस्त्याच्या मालकीचं. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या बायकांचा वावर अभ्यासून २०११ मध्ये ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक लिहिलं. बाई रस्त्यावर दिसते ती काहीतरी काम असल्यासारखी, हे त्यांचं निरीक्षण. हातात पिशवी, कानाला फोन, पायात घाई. पुरुष मात्र नुसता उभा राहू शकतो. कट्टा ज्यांचा, त्यांना समोरून जाणारी प्रत्येक मुलगी आपल्या अंगणातून गेल्यासारखी वाटते, आणि अंगणात आलेल्यावर बोलायचा हक्क ते गृहीत धरतात.

लोकलमध्ये शेजारी बसून ‘किती गं जाड झालीयेस, थायरॉइड आहे का?’ विचारणाऱ्या अनोळखी मावशींचा प्रकार वेगळा. त्रास होतोच, पण धोका नसतो. ‘मावशी, माझ्या वजनावर नको बोलायला,’ एवढं म्हणून खिडकीबाहेर बघितलं की पुरतं. रस्त्यावरच्या टोळक्याशी असं बेधडक बोलण्याआधी थोडा विचार करावा लागतो, आणि तो का करावा लागतो हे मुंबईला फार महागात पडून कळलं आहे.

२० ऑक्टोबर २०११ च्या रात्री अंधेरीच्या आंबोली भागात एका रेस्टॉरंटबाहेर मित्रमैत्रिणींचा घोळका उभा होता. एकानं मुलींची छेड काढली. सोबतच्या कीनन सँटोस आणि रूबेन फर्नांडिस या तरुणांनी त्याला अडवलं, तो निघून गेला. प्रकरण मिटलं असं वाटावं अशीच ती वेळ होती. थोड्या वेळानं तो साथीदारांना आणि शस्त्रं घेऊन परत आला. भर रस्त्यात, लोकांच्या देखत हल्ला झाला. कीनन त्याच रात्री गेला, रूबेन काही दिवसांनी. २०१६ मध्ये चौघांना जन्मठेप झाली.

त्या दोघांचं चुकलं असं कुणी म्हणू नये. पण या घटनेतून एक व्यावहारिक गोष्ट उचलण्यासारखी आहे. अपमान झालेला माणूस मित्रांसमोर तोंडघशी पडलेला असतो आणि त्याची भरपाई करायला तो परत येऊ शकतो. म्हणजे खरी जोखमीची वेळ वादाच्या नंतरची. टोकलं असो वा नसो, त्यानंतर त्या जागी रेंगाळायचं नाही.

आता कट्ट्यासमोरच्या त्या मुलीकडे परत येऊ. शेरा कानावर पडला की तिनं चालणं थांबवू नये, आधी आजूबाजूला बघावं. दिवस आहे का, दुकानं उघडी आहेत का, ते किती जण आहेत, प्यायलेले वाटतात का? संध्याकाळची वेळ असेल, रस्ता सुना असेल किंवा दारूचा वास येत असेल, तर उत्तर द्यायचंच नाही. गप्प राहून निघून जाणं हा भित्रेपणा नाही, हिशेब आहे. सरळ घराकडेही वळू नये, कारण मागं कुणी आलं तर त्याला घर कळतं. औषधाचं दुकान, बसथांबा, रिक्षा स्टँड, जिथं माणसं आणि उजेड आहे तिथं जावं.

दिवसाउजेडी, वर्दळीत बोलावंसं वाटलं तर एकच वाक्य, मोठ्यानं, चालता चालता: ‘तुम्ही माझ्यावर शेरे मारू नका.’ ‘तुम्ही’ मुद्दाम. अरेतुरे किंवा शिवी आली की बघणाऱ्यांना ते ओळखीतलं भांडण वाटतं आणि लोक अंग काढून घेतात. अनोळखी माणसाला टोकते आहे हे ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे. ‘का? काय म्हणालात?’ असे प्रश्न विचारू नयेत. प्रश्नाला उत्तर येतं, उत्तराला हशा, आणि त्यांना हवा असलेला खेळ सुरू होतो. अवघडून हसूही नये. घाबरल्यावर हसू आपोआप फुटतं हे खरं, पण कट्ट्यावर त्याचा अर्थ भलताच लावला जातो.

जवळून जाणाऱ्या माणसानंही टोळक्याशी भिडायची गरज नाही. मुलीशी बोलावं. ‘क्लासला निघालीस का? चल, मीही तिकडेच चाललेय,’ एवढ्यानं ती एकटी उरत नाही आणि शेऱ्याला प्रेक्षक उरत नाहीत.

रोज तोच कट्टा असेल तर आणखी एक बाजू लक्षात घ्यावी. तुमच्यासाठी ती पोरं अनोळखी असतात, टपरीवाल्यासाठी नसतात. दुसऱ्या दिवशी घरच्या कुणाला बरोबर घेऊन, ती पोरं नसताना, त्याच्याशी बोलावं. धंद्याजवळ पोलीस यावेत असं कुठल्याच दुकानदाराला वाटत नाही, त्यामुळं त्याचा शब्द पुष्कळदा लागू पडतो.

तो नाही पडला तर कायदा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ नुसार लैंगिक स्वरूपाचे शेरे मारल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या हेतूनं उच्चारलेल्या शब्दांसाठी कलम ७९ आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. मात्र ‘काळी’, ‘ढोली’ अशा नुसत्या हिणवण्याला ही कलमं सहज लागत नाहीत, हेही माहीत असावं. म्हणून ऐकलेले शब्द जसेच्या तसे, कितीही ओंगळ असले तरी, त्याच दिवशी लिहून ठेवावेत. सोबत वेळ, जागा, असेल तर गाडीचा नंबर. शेजारच्या दुकानात सीसीटीव्ही असेल तर लगेच विचारावं, जुनं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं. तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, ‘आमच्या हद्दीत येत नाही’ म्हणून ती नाकारता येत नाही. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते. अंगावर आलेल्या प्रसंगी ११२ आणि रेल्वेत १३९.

तरीही बहुतेक मुली कुठंच सांगत नाहीत, घरी तर नाहीच. कारण पोलिसांची भीती कमी आणि क्लास बंद होण्याची जास्त. दिल्ली विद्यापीठातल्या विद्यार्थिनींचा अभ्यास करून अर्थतज्ज्ञ गिरिजा बोरकर यांनी दाखवलं आहे की रस्ता सुरक्षित मिळावा म्हणून मुली चांगलं कॉलेज सोडून त्याहून कमी दर्जाचं निवडतात. शेरा दहा सेकंदांचा, वजाबाकी अख्ख्या शिक्षणातून. तेव्हा आईवडिलांनो, मुलीनं असं काही सांगितलं तर ‘तू काय घातलं होतंस?’ हा प्रश्न विचारू नका आणि तिची वेळ किंवा वाट बदलायची घाई करू नका. वही घ्या, ती सांगेल ते लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर त्या टपरीपर्यंत चालत जा.