सहलीच्या डायरीतले दोन काळ

इंग्रजीतला पूर्ण वर्तमानकाळ आणि साधा भूतकाळ यांतला फरक दाखवायला सहलीच्या डायरीचे पान सोयीचे पडते. डायरी लिहिण्याची एक ठरावीक वेळ असते आणि काळाची निवड त्या वेळेकडे पाहूनच होते. वेरूळहून परतलेल्या मुलाने रात्री नऊ वाजता लिहिलेले हे पान पाहा.

‘वी हॅव जस्ट कम बॅक फ्रॉम वेरूळ. वी लेफ्ट ॲट सिक्स, सॉ दौलताबाद फर्स्ट ॲण्ड रीच्ड द केव्ज ॲट इलेव्हन. आय लॉस्ट माय कॅप ऑन द फोर्ट. आय हॅवन्ट टोल्ड आई यट.’

पहिले आणि शेवटचे वाक्य पूर्ण वर्तमानकाळात आहे. मुले आत्ताच परतली आहेत आणि आईला सांगायचे अजून बाकी आहे. दोन्ही गोष्टी लिहिण्याच्या क्षणाशी जोडलेल्या आहेत. मधली वाक्ये मात्र दिवसभरात कधी काय घडले ते सांगतात, म्हणून तिथे साधा भूतकाळ आला. चांगल्या नमुन्यात बहुतेक वाक्ये साधी भूतकाळाचीच असतात. फरक ठसावा म्हणून प्रत्येक वाक्यात ‘हॅव’ पेरले, तर ती डायरी राहत नाही, स्वाध्याय होतो.

मराठी मुलांची चूक होते ती ‘काल’जवळ. ‘मी काल आईला सांगितलं आहे’ हे मराठीत चालते, म्हणून ‘आय हॅव टोल्ड हर येस्टरडे’ असे लिहिले जाते. इंग्रजीत ते चालत नाही. वाक्यातच संपलेली वेळ सांगितली असेल, म्हणजे ‘येस्टरडे’, ‘ॲट सिक्स’, ‘लास्ट वीक’ असे काही असेल, तर ‘हॅव’ काढावे लागते. उलट बाजूने ‘जेवलास का?’ या मराठी प्रश्नात ‘आहे’ कुठेच नाही, तरी इंग्रजीत सहसा ‘हॅव यू ईटन?’ असे विचारतात. त्यामुळे मराठी वाक्यात ‘आहे’ दिसते का, एवढ्यावर निर्णय सोपवता येत नाही.

‘धिस मॉर्निंग’ची गंमत वेगळी. बसमध्ये सकाळी आठ वाजता लिहिले, तर ‘आय हॅवन्ट हॅड टी धिस मॉर्निंग’ बरोबर. सकाळ अजून चालू आहे, चहा मिळूही शकतो. तीच गोष्ट रात्री लिहिताना ‘आय डिडन्ट हॅव टी धिस मॉर्निंग’ अशी होते. चहा तोच, फक्त सकाळ संपली. म्हणून नमुन्याच्या पानावर तारखेबरोबर वेळही लिहिलेली असावी. ती नसेल तर या दोन वाक्यांतले कोणते बरोबर, हे शिक्षकालाही ठरवता येणार नाही.

‘जस्ट’च्या बाबतीत अमेरिकी इंग्रजी सैल आहे. तिथे ‘वी जस्ट केम बॅक’ सर्रास म्हणतात. ब्रिटिश वळणाने शिकवणाऱ्या आपल्याकडच्या वर्गांत मात्र ‘हॅव’ची अपेक्षा असते.