विकले ते नेमके कोणते शेअर?

एकाच कंपनीचे शेअर तीन वेळा घेतले आणि दोन वेळा थोडेथोडे विकले, की भांडवली नफ्याचा हिशेब अडतो. विकलेले शेअर कोणत्या खरेदीतले धरायचे? प्राप्तिकर खात्याचे उत्तर सरळ आहे: डिमॅट खात्यात जे आधी आले, ते आधी गेले. आपल्या सोयीचा, म्हणजे महागात घेतलेला गठ्ठा आधी विकला असे म्हणता येत नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. 12 जून 2023 ला 400 रुपयांनी 100 शेअर, 5 फेब्रुवारी 2024 ला 520 ने 50 आणि 9 सप्टेंबर 2024 ला 600 ने 100 घेतले. काँट्रॅक्ट नोटमध्ये भावाखाली दलाली, जीएसटी, मुद्रांक शुल्क, शेअर बाजाराचे शुल्क अशा ओळी असतात. हा खर्च खरेदीत मिळवायचा, विक्रीतून वजा करायचा. एसटीटी मात्र धरायचा नाही. कायद्याने त्याची वजावट नाही. तेव्हा नोटेच्या तळाची एकूण रक्कम जशीच्या तशी उचलली, की चूक झालीच. समजा, खर्चासह दर शेअरची किंमत अनुक्रमे 402, 522 आणि 603 रुपये पडली.

18 नोव्हेंबर 2024 ला 120 शेअर विकून, खर्च वजा जाता, प्रत्येकी 647 रुपये हाती आले. यातले 100 जून 2023 चे. त्यांना 12 महिन्यांहून अधिक काळ झालेला, म्हणून 24,500 रुपये दीर्घकालीन नफा. उरलेले 20 फेब्रुवारीच्या खरेदीतले. त्यांचे 2,500 अल्पकालीन. एकाच विक्रीचे असे दोन तुकडे पडतात. तिन्ही खरेद्यांची सरासरी 506.40 धरली असती, तर नफा 27,000 ऐवजी 16,872 दिसला असता, आणि मुदत कळलीच नसती.

10 मार्च 2025 ला आणखी 80 विकले, निव्वळ 697 ने. फेब्रुवारीच्या उरलेल्या 30 शेअरना आता वर्ष उलटले होते: 5,250 दीर्घकालीन. सप्टेंबरच्या 50 वर 4,700 अल्पकालीन. वर्षाचा एकूण दीर्घकालीन नफा 29,750. दुसरा असा नफा नसेल तर त्यावर कर नाही, कारण सव्वा लाखापर्यंत सूट आहे. त्यापुढे साडेबारा टक्के. अल्पकालीन 7,200 वर 20 टक्क्यांनी 1,440 रुपये, उपकर वेगळा. हे दर 23 जुलै 2024 पासूनचे आहेत.

मुदत मोजताना काँट्रॅक्ट नोटवरची व्यवहाराची तारीख धरावी, शेअर खात्यात जमा झाल्याची नव्हे. डिमॅट खाती दोन असतील तर प्रत्येकाचा क्रम स्वतंत्र लावायचा.

शेवटी शिल्लक जुळवून पाहा. इथे सप्टेंबरचे 50 उरायला हवेत. डिमॅटमध्ये आकडा वेगळा असेल, तर बहुधा एखादी नोट किंवा बोनस नोंदवायचा राहिला आहे. तो शोधल्याशिवाय विवरणपत्र भरू नका.