लेखी परिचय आणि तीस सेकंद

व्यावसायिकांच्या ओळखमेळाव्यांत एक प्रसंग हमखास येतो. गोलाकार किंवा रांगेत बसलेले पन्नासेक लोक एकेक करून उभे राहतात, स्वतःची ओळख सांगतात आणि कुणीतरी घड्याळ लावून बसलेलं असतं. वेळ संपली की घंटी वाजते. इव्हान मिस्नर यांनी १९८५ साली अमेरिकेत सुरू केलेल्या ‘बीएनआय’च्या साप्ताहिक बैठकांमुळे ही पद्धत जगभर पोहोचली. मराठी उद्योजकांच्या ‘सॅटर्डे क्लब’सारख्या मंडळांतही असं एकमेकांना काम मिळवून देणं हाच गाभा आहे. अशा ठिकाणी वाट्याला येतो तो वेळ बहुधा अर्ध्या मिनिटापासून मिनिटापर्यंत. घंटी वाजते तेव्हा बरेच जण अजून आपल्या पदव्यांपाशीच असतात, कारण त्यांनी वेबसाइटवरचा किंवा माहितीपत्रकातला परिचयच पाठ करून आणलेला असतो.

तो परिचय वाईट नसतो. फक्त तो डोळ्यांसाठी लिहिलेला असतो. वाचणारा माणूस वाक्य निसटलं तर मागे जाऊ शकतो, ऐकणाऱ्याला ती सोय नाही. त्यातून आपल्याकडचा लेखी परिचय तृतीयपुरुषी आणि आदरार्थी असतो. कार्यक्रमाच्या निवेदकाने वाचायचा तो मजकूर. ‘नामांकित’, ‘प्रदीर्घ अनुभव’ ही विशेषणं दुसऱ्याने लावली तर शोभतात. ‘त्या’च्या जागी ‘मी’ घालून तेच बोललं, की नम्र माणूसही बढाईखोर वाटू लागतो.

उदाहरणादाखल एक परिचय रचून पाहू. पुण्यातल्या एक महिला अभियंता कारखान्यांना ऊर्जाबचतीचा सल्ला देतात, असं समजा. त्यांच्या माहितीपत्रकात साधारण असं असेल: ‘श्रीमती अमुक या यंत्र अभियांत्रिकीच्या पदवीधर असून प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षक आहेत. वाहन उद्योगातील नामांकित कंपन्यांमध्ये अठरा वर्षे विविध पदांवर कार्य केल्यानंतर त्यांनी स्वतःची सल्लागार संस्था स्थापन केली. ऊर्जाबचत, संपीडित वायू प्रणाली व प्रक्रिया सुधारणा या क्षेत्रांत त्या औद्योगिक आस्थापनांना सर्वंकष सेवा पुरवतात.’

मोठ्याने वाचून पाहा. पंचवीस सेकंद तरी जातात आणि ऐकणाऱ्याच्या हाती लागतं ते ‘काहीतरी विजेचं’. कापायला सुरुवात करायची ती इथून. मात्र शब्द कमी करत गेलं तर हाच परिचय फक्त आखूड होतो, बोलका होत नाही. त्यापेक्षा कागद बाजूला ठेवून बाईंना विचारावं, की तुम्ही कारखान्यात पोहोचल्यावर पहिल्या तासात नेमकं काय करता?

उत्तर बहुधा असं येईल: मशिनं थांबलेली असताना पाइपांजवळून फिरते. दाबाखालची हवा जोडांतून, झिजलेल्या नळ्यांतून गळत असते, तिचा आवाज येतो. बारीक गळती कानाला कळत नाही, तिच्यासाठी अल्ट्रासोनिक यंत्र लागतं. देखभाल नीट नसलेल्या कारखान्यात कॉम्प्रेसरच्या हवेपैकी वीस ते तीस टक्के अशी वाया जाणं नेहमीचंच आहे.

इथे खरा परिचय सापडला. ‘संपीडित वायू प्रणाली’ या तीन शब्दांमागे एक फुसफुस दडलेली होती, आणि ती कुणालाही कळते. आता आकडा हवा, पण एकच, आणि तोही ऐकणाऱ्याच्या खिशाशी जोडलेला. पन्नास एचपीचा कॉम्प्रेसर म्हणजे सुमारे ३७ किलोवॅट. त्याचा पाचवा हिस्सा गळतीत गेला तर साडेसात किलोवॅटच्या जवळपास. वर्षाला ६,००० तास चालणं आणि युनिटला ९ रुपये धरले, तर रक्कम चार लाखांच्या घरात जाते. हा सगळा हिशेब बोलायचा नसतो, कुणी विचारलं तर तो तयार असावा म्हणून करायचा. शिवाय गळती शंभर टक्के बंद होत नाही, तेव्हा सांगताना हात आखडता घेतलेला बरा.

मराठीत शब्दांना प्रत्यय चिकटत असल्याने शब्द लांबतात. त्यामुळे सावकाश बोलताना तीस सेकंदांत साठच्या आसपास शब्द बसतात. जास्त कोंबले की माणूस धावू लागतो, आणि धावताना सर्वांत आधी बळी जातो तो स्वतःच्या नावाचा. साठाच्या आत बसवलेला मजकूर असा होतो:

‘नमस्कार. मी अमुक, पुण्याहून. रविवारी मशिनं बंद असतात, तरी कारखान्यात कुठून तरी फुसफुस ऐकू येते. ती पाइपातून गळणारी हवा. कॉम्प्रेसरला लागणाऱ्या विजेचा पाचवा हिस्सा अशा गळतीत सहज जातो. मी त्या गळत्या शोधून देते. पन्नास एचपीच्या कॉम्प्रेसरवर वर्षाला दोन-तीन लाख वाचू शकतात. चाकण-रांजणगावकडे एखाद्या कारखान्याचे मेन्टेनन्स मॅनेजर तुमच्या ओळखीचे असतील, तर त्यांची माझी गाठ घालून द्या. मी अमुक, तमुक एनर्जी.’

पदवी गेली, अठरा वर्षं गेली, प्रमाणपत्रही गेलं. यावर अनेकांचा जीव कासावीस होतो, विशेषतः कष्टाने पदव्या मिळवलेल्यांचा. पण या गोष्टी पुढच्या प्रश्नाच्या उत्तरात येतात. ‘तुम्हाला हे कसं कळतं?’ असं कुणी विचारलं, की अठरा वर्षांना आपोआप जागा मिळते. नाव मात्र दोनदा आलं आहे, कारण पहिल्या वेळी लोक अजून आधीच्या वक्त्याच्या विचारात असतात. फर्मचं नाव फक्त शेवटी आहे. काम काय ते कळण्याआधी ते नाव कुणाच्या लक्षात राहत नाही.

सर्वांत जास्त चुकतं ते शेवटून दुसरं वाक्य. ‘कुणालाही गरज असेल तर सांगा,’ असं म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे कुणीच येत नाही. ‘चाकणचे मेन्टेनन्स मॅनेजर’ म्हटलं की मेहुणा आठवतो, सोसायटीतले शेजारी आठवतात.

मजकूर जमला की नाही, हे आरशासमोर कळत नाही. या धंद्याशी संबंध नसलेल्या एखाद्याला तो एकदाच ऐकवावा, मग चहा होऊ द्यावा, आणि नंतर विचारावं: मी काय करते, आणि माझ्यासाठी तू कुणाला फोन करशील? पहिल्याचं उत्तर आलं नाही तर सुरुवात बदलायची, दुसऱ्याचं आलं नाही तर मागणं. अख्खा मजकूर घोकू नये. एक शब्द अडला की घोकलेलं सगळं कोसळतं. पहिलं वाक्य आणि मागण्याचं वाक्य तोंडपाठ असलं की मधलं आपल्या बोलीत येतं.

उभ्याने चहा घेताना मात्र हे तीस सेकंद सलग ऐकवायचे नसतात. तिथे फुसफुशीचं एक वाक्य बोलून थांबायचं आणि समोरच्याचं काम विचारायचं. मागणंही माणूस बघून बदलतं. समोर सीए असतील तर मेन्टेनन्स मॅनेजरचा उपयोग नाही. कारखान्यांचे हिशेब बघणाऱ्या सीएंना विचारायचं ते असं: ‘तुमच्या कोणत्या अशिलाचं वीजबिल उत्पादन न वाढताच वाढलंय?’