फेलोशिपचा प्रस्ताव : क्रम आपला की परीक्षकाचा?

युरोपीय संघाच्या मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी पोस्ट-डॉक्टरल फेलोशिपसाठी भारतातले संशोधकही अर्ज करू शकतात. अनेकांच्या हाताशी पीएच.डी.च्या सारांशाच्या धर्तीवरचा मसुदा तयार असतो: प्रस्तावना, साहित्याचा आढावा, उद्दिष्टे, पद्धती, वेळापत्रक. गुण मात्र वेगळ्या क्रमाने दिले जातात. वैज्ञानिक उत्कृष्टतेला ५० टक्के, परिणामाला ३० आणि अंमलबजावणीला २० टक्के भार असतो. मसुदा या क्रमात बसवताना काही गैरसमज हमखास आडवे येतात.

गैरसमज : संशोधन दमदार असेल, तर मुद्दा कुठेही लिहिला तरी परीक्षकाला सापडतो.

वस्तुस्थिती : परीक्षक प्रत्येक निकषाला ० ते ५ पैकी गुण देतात आणि त्याखाली प्रस्तावाची बलस्थाने व उणिवा नोंदवतात. मार्गदर्शनाबद्दलचे उत्तम वाक्य पद्धतीच्या परिच्छेदात दडले, तर मार्गदर्शनाच्या उपनिकषाखाली ‘पुरेसा तपशील नाही’ अशी नोंद होण्याचा धोका असतो. उत्कृष्टतेत ०.१ गुण गेला, तर शंभरातला पूर्ण १ गुण जातो, परिणामात ०.६ आणि अंमलबजावणीत ०.४. पात्रतेची अट ७० गुणांची असली, तरी निवड बहुधा नव्वदीच्या पुढे होते. तिथे अशा एकदोन नोंदीही महागात पडतात.

गैरसमज : क्रम बदलणे म्हणजे परिच्छेद उचलून दुसरीकडे ठेवणे.

वस्तुस्थिती : बहुतेक परिच्छेद फोडावे लागतात. समजा, कोकणातल्या कातळसड्यांवरच्या हंगामी डबक्यांतल्या अन्नसाखळीचा अभ्यास करणारी एक संशोधक अर्ज करते आहे. तिच्या मसुद्यात असे लिहिले आहे : “यजमान प्रयोगशाळेत समस्थानिक मोजण्याचे यंत्र आहे. ते तंत्र मी तिथल्या मार्गदर्शकांकडून शिकेन. सड्यांवरचे नमुने गोळा करण्याचा अनुभव मला आहेच. पुढे भारतात असा संशोधनगट उभारता येईल.”

परिच्छेद ओघवता आहे, पण त्यात पाच प्रश्नांची उत्तरे एकत्र गुंतली आहेत. समस्थानिकांवरून कोण कोणाला खाते हे कसे कळेल, हा पद्धतीचा भाग, तो अर्जाच्या नमुन्यातल्या १.२ या उपविभागात जाईल. कोण, किती काळ, कसे शिकवणार आणि सड्यांविषयीचे ज्ञान ती यजमान गटाला कसे देणार, हे १.३ मध्ये, कारण तिथे ज्ञानाची देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी अपेक्षित आहे. नमुने गोळा करण्याचा अनुभव १.४ मध्ये, पुढचा संशोधनगट २.१ मधल्या कारकिर्दीच्या चर्चेत आणि यंत्राची उपलब्धता ३.२ मधल्या यजमान संस्थेच्या क्षमतेत.

परिच्छेद फोडला की पोकळ्या उघड्या पडतात. मूळ मसुद्यात ‘शिकेन’ एवढेच होते. १.३ मध्ये ते एकटे उभे राहिल्यावर प्रशिक्षणाची आखणीच झालेली नव्हती, हे तिला दिसते. क्रम बदलण्याचा मोठा फायदा हाच.

गैरसमज : भार ५०-३०-२०, म्हणून दहा पानेही ५-३-२ अशीच वाटायची.

वस्तुस्थिती : दहा पानांची मर्यादा मुख्य प्रस्तावाला आहे, त्यापुढचा मजकूर परीक्षक विचारात घेत नाहीत. मात्र निकषांमध्ये पाने कशी वाटायची, याचा नियम नाही. वेळापत्रकाचा गँट तक्ता आणि जोखमींची सारणी अंमलबजावणीतच बरीच जागा घेतात. म्हणून आधी प्रत्येक उपनिकषाला नेमका कोणता पुरावा द्यायचा ते ठरवावे, मग जागा मोजावी.

गैरसमज : निकषांप्रमाणे मांडले की संशोधनाची गोष्ट तुटते.

वस्तुस्थिती : ‘वर म्हटल्याप्रमाणे’ असे जोड मागे राहिले किंवा तीच पार्श्वभूमी तीन ठिकाणी सांगितली, तर गोष्ट खरोखर तुटते. उपाय सोपा आहे. उद्दिष्टांना १.१ मध्येच उ१, उ२, उ३ अशी नावे द्यावीत आणि पद्धती, प्रशिक्षण, वर्क पॅकेज व जोखीम यांत तीच वापरावीत. उ२ साठी लागणारे तंत्र १.३ मध्ये शिकायचे आणि ३.१ च्या वेळापत्रकात ते शिक्षण उ२ च्या कामाआधी पूर्ण व्हायचे, असे दिसले की धागा टिकतो. हा मेळ बसत नसेल, तर चूक योजनेत आहे.

गैरसमज : एकदा लावलेला क्रम सगळीकडे चालतो.

वस्तुस्थिती : युरोपियन रिसर्च कौन्सिलच्या अनुदानांत वैज्ञानिक उत्कृष्टता हा एकच निकष आहे. तिथे कारकीर्द आणि प्रशिक्षणाचे वेगळे विभाग भरून पाने खर्च करण्यात अर्थ नाही. एकाच योजनेचा नमुनाही बदलू शकतो, म्हणून त्या वर्षीचा अर्जदारांसाठीचा मार्गदर्शक समोर ठेवूनच मांडणी करावी.

शेवटी एक चाचणी घ्यावी. विषयाबाहेरच्या सहकाऱ्याला फक्त उपनिकषांची यादी आणि प्रस्ताव द्यावा आणि प्रत्येक उपनिकषाचे उत्तर देणारी वाक्ये अधोरेखित करायला सांगावे. ज्या उपनिकषासाठी त्याला दुसऱ्या विभागात शोधावे लागेल, तिथला मजकूर हलवावा. जिथे अधोरेखित करण्यासारखे काहीच सापडणार नाही, तिथे आशय नव्याने लिहावा लागेल. नुसत्या फेररचनेने तो येत नाही.