फी दोनदा कापली गेली तर?

कॉलेज फेस्टची २०० रुपये फी भरताय. बटण दाबलं, स्क्रीनवर चकरी फिरत राहिली. सर्व्हरने पैसे कापले, पण त्याचं उत्तर येताना नेटवर्क गेलं. तुम्ही पुन्हा दाबणारच! दुसरी POST रिक्वेस्ट गेली, आणखी २०० कापले.

एकदा पाठवा की पाचदा, सर्व्हरवर परिणाम एकदा पाठवल्याइतकाच होत असेल, तर ती रिक्वेस्ट 'आयडेम्पोटंट'. लिफ्टचं बटण कितीही बडवा, लिफ्ट एकदाच येते ना, तसं. एचटीटीपीच्या नियमांत PUT आणि DELETE अशा मानल्या आहेत. POST नाही.

मग पेमेंटचं काय? फॉर्म उघडताना एक युनिक की बनवायची आणि प्रत्येक प्रयत्नात तीच पाठवायची:

```
Idempotency-Key: fest-7f3a91
```

सर्व्हर ती डेटाबेसमध्ये जपून ठेवतो. तीच की पुन्हा आली, तर पैसे न कापता आधीचंच उत्तर देतो. नवशिके इथे हमखास घोळ घालतात: की बनवण्याचा कोड क्लिकच्या फंक्शनमध्ये टाकतात. मग प्रत्येक क्लिकला नवी की, आणि सर्व्हरला प्रत्येक पेमेंट नवंच वाटतं. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये दोन्ही रिक्वेस्ट उघडा. की वेगळ्या दिसल्या, तर गडबड तिथेच आहे.