सादरीकरणाचे मराठीकरण : लेखांक ४ – चौकट आणि ओळीची उंची

इंग्रजी सादरीकरण मराठीत आणताना मजकूर लांबतो असे सरसकट मानले जाते; परंतु तो कोणत्या दिशेने वाढतो, याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. या क्षेत्रात नेहमी उल्लेखिल्या जाणाऱ्या आयबीएमच्या ठोकताळ्यांनुसार 10 अक्षरांपर्यंतच्या इंग्रजी मजकुराला अन्य भाषेत दुप्पट-तिप्पट जागा लागू शकते आणि 70 अक्षरांपुढील मजकुरात ही वाढ सुमारे 30 टक्क्यांवर येते. हे आकडे प्रामुख्याने युरोपीय भाषा डोळ्यांसमोर ठेवून मांडलेले असल्यामुळे मराठीला ते जसेच्या तसे लागू पडत नाहीत. मराठीत विभक्तिप्रत्यय शब्दालाच जोडले जात असल्याने वाक्य कित्येकदा इंग्रजीइतकेच किंवा त्याहून आखूड होते. वाढते ती मुख्यतः ओळीची उंची, कारण शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा व रफार आणि खाली उकार यांना जागा द्यावी लागते.

सेनगाव तालुक्यात सोयाबीन हे खरिपाचे प्रमुख पीक आहे आणि घरचे बियाणे पेरण्यापूर्वी त्याची उगवणक्षमता तपासावी, असा सल्ला कृषी विभाग दरवर्षी देतो. या विषयावरचे इंग्रजी सादरीकरण तालुक्यातील एखाद्या गावातल्या खरीपपूर्व सभेसाठी मराठीत आणायचे आहे, असे उदाहरणादाखल धरता येईल. त्यातील एका स्लाइडवर कृती दिलेली आहे : 100 दाणे ओल्या गोणपाटावर ओळींत मांडावेत, गोणपाटाची गुंडाळी करून ती ओलसर ठेवावी आणि सुमारे आठवडाभराने चांगले कोंब आलेले दाणे मोजावेत. मजकुराची चौकट 2 इंच, म्हणजे 144 पॉइंट उंच आहे. इंग्रजीत 20 पॉइंटच्या अक्षराची ओळ साधारण 24 पॉइंट जागा घेत असेल, तर तिथे 6 ओळी बसतात. देवनागरी फॉन्टची ओळ अक्षराच्या दीडपट, म्हणजे 30 पॉइंट असेल, तर 4 ओळींनंतर चौकट भरते, मग भाषांतर कितीही आटोपशीर असो.

अशा वेळी पॉवरपॉइंटमधील 'Shrink text on overflow' हा पर्याय मदतीला आल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तो प्रत्येक चौकटीतील अक्षर स्वतंत्रपणे लहान करतो, त्यामुळे एका स्लाइडवर 20 आणि पुढच्या स्लाइडवर 14 पॉइंटचा मजकूर दिसू लागतो व मागच्या रांगेतील श्रोत्याला जोडाक्षरे लागत नाहीत. ओळींमधील अंतर 'Exactly' या पर्यायाने पॉइंटांत बांधून टाकणे तर याहून घातक ठरते, कारण वरच्या ओळीतील उकार खालच्या ओळीतील रफारात घुसतो. अधिक शहाणपणाचा मार्ग असा की, भाषांतराला हात लावण्यापूर्वीच 'Slide Master' मध्ये, म्हणजे सर्व स्लाइडना आकार देणाऱ्या मूळ साच्यात, मजकुराची चौकट खालच्या बाजूने वाढवावी, देवनागरी फॉन्ट ठरवावा आणि ओळींतील अंतर 'Multiple' ठेवून पटीत द्यावे. मग एकच बदल सर्वत्र सारखा उतरतो. अर्थात चौकटी साच्याशी जोडलेल्या असतील तरच हे घडते. कुणी हाताने ठेवलेल्या सुट्या चौकटी एकेक करून तपासाव्या लागतात.

तक्त्याची गोष्ट वेगळी आहे, कारण त्यात अक्षर आपोआप लहान होत नाही. ओळच उंच होते आणि तक्ता खाली सरकतो. बियाण्याच्या मात्रेचा शीर्षकासह 6 ओळींचा तक्ता, प्रत्येक ओळ अर्धा इंच उंच असल्यास, इंग्रजीत 3 इंचांत बसतो. मराठीत शीर्षक दोन ओळींचे झाले तर तो सुमारे साडेतीन इंच होतो आणि त्याच्याखालची टीप झाकली जाते. येथे उंची कमी करण्याऐवजी शीर्षकच 'उगवण (%)' आणि 'बियाणे (किलो/एकर)' असे आटोपावे. मूळ तक्त्यातील हेक्टरी 75 किलो म्हणजे एकरी सुमारे 30 किलो होतात आणि ही मात्रा 70 टक्के उगवणीसाठी असल्यामुळे उगवण 60 टक्के आल्यास 30 ला 70 ने गुणून 60 ने भागावे लागते, म्हणजे एकरी 35 किलो बियाणे लागते. एकक बदलणे हा मात्र मांडणीचा नव्हे, आशयाचा बदल आहे. तो विषयतज्ज्ञाला दाखवल्याशिवाय करू नये. आलेखातील नावे चित्रावर नव्हे, तर त्यामागील माहितीच्या तक्त्यात बदलावीत; ती लांब राहिली तर आडव्या अक्षाखाली तिरपी होतात, आणि तिरपी देवनागरी वाचणे कष्टाचे असते.

शेवटची तपासणी भाषांतरकाराच्या संगणकावर पुरेशी होत नाही. सभेच्या ठिकाणच्या संगणकात निवडलेला फॉन्ट नसेल, तर त्याच्या जागी दुसरा येतो, ओळीची उंची बदलते आणि जमवलेला तक्ता पुन्हा टिपेवर सरकतो. त्यामुळे फाइल जतन करताना 'Embed fonts in the file' हा पर्याय निवडावा आणि सोबत पीडीएफ प्रत द्यावी. त्या प्रतीतील प्रत्येक पान मूळ इंग्रजी पानाशेजारी ठेवून पाहिले म्हणजे कापलेली वेलांटी आणि झाकलेली टीप लगेच नजरेस पडते.